पाणी शून्याखाली जाऊनही गोठत का नाही?

शाळेत आपण पाठ केलेलं असतं की पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं. हे वाक्य अर्धंच खरं आहे. बर्फ शून्य अंशाला वितळतो, ते मात्र पूर्ण खरं. बर्फाचा तुकडा शून्याच्या वर नेला की तो वितळू लागतो, थांबून राहत नाही. उलट दिशेचा प्रवास मात्र इतका सरळ नाही. अगदी स्वच्छ पाणी −५, −१०, −२० अंशांवरही द्रवच राहू शकतं, आणि बारीक थेंबांच्या रूपात ते −३८ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत तग धरतं. याला अतिशीतन म्हणतात. यात पाण्यात काही मिसळलेलं नसतं, दाबही वाढवलेला नसतो. गोठण्यासाठी लागणारी सुरुवातच झालेली नसते, एवढंच.

याची पहिली नीट नोंद आपल्या ओळखीच्या माणसाने केली आहे. तापमापकावर ज्याचं नाव आहे तो डॅनिएल फॅरनहाइट. १७२१ च्या मार्चमध्ये त्याने काचेच्या एका छोट्या गोळ्यात पावसाचं पाणी भरलं, ते उकळून आतली हवा घालवली, काचेचं तोंड वितळवून बंद केलं आणि गोळा रात्रभर थंडीत ठेवला. बाहेर त्याच्याच मापाने १५ अंश होते, म्हणजे सुमारे −९ सेल्सिअस. सकाळी पाणी तसंच द्रव. त्याने काचेचं टोक मोडलं आणि बघता बघता पाण्यात बर्फाच्या पापुद्र्यांची गर्दी झाली. त्याला वाटलं, हवा नव्हती म्हणून पाणी गोठलं नाही आणि हवा आत शिरली म्हणून गोठलं. पण पुढे असाच एक गोळा हातात घेऊन जाताना जिन्यावर त्याचा पाय अडखळला आणि टोक न मोडताच, नुसत्या हिसक्याने, पाणी बर्फाने भरून गेलं. तेव्हा हवेचं कारण पुरेसं नाही हे त्यालाही दिसलं. निरीक्षण १७२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामागचं कारण नीट समजायला पुढची दोन शतकं लागली.

ते कारण ऊर्जेच्या हिशोबात आहे. हा हिशोब मांडायला सोपा आहे आणि त्यातून निघणारे आकडे थक्क करणारे आहेत.

सुरुवात शून्य अंशापासून करू. पाण्याच्या रेणूंवर दोन ओढी असतात. शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंधांनी नीट जखडून घेतलं तर ऊर्जा कमी होते. ही ओढ बर्फाच्या बाजूची. मोकळं राहिलं, सारखी जागा आणि दिशा बदलत राहिलं, तर एन्ट्रॉपी जास्त राहते; ही ओढ द्रवाच्या बाजूची. या दोन्हींचा एकत्रित ताळेबंद म्हणजे मुक्त ऊर्जा. ज्या अवस्थेची मुक्त ऊर्जा कमी, ती अवस्था स्थिर. तापमान जितकं जास्त, तितकं मोकळेपणाचं पारडं जड. शून्य अंशाला दोन्ही पारडी अगदी समान असतात. त्याखाली बर्फाची मुक्त ऊर्जा कमी होते, म्हणजे गोठणं फायद्याचं ठरतं.

पण फायदा किती? इथेच खरी मेख आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून फायदाही तसाच मोठा असेल असं वाटतं. तसं नसतं. त्या ३३४ ज्यूलमधला बहुतेक सगळा भाग मोकळेपणा गमावल्याच्या तोट्यात जातो. शून्य अंशाला दोन्ही तंतोतंत खोडले जातात. खाली उतरताना दर अंशामागे शिल्लक राहतात ३३४ भागिले २७३, म्हणजे ग्रॅमला जेमतेम १.२ ज्यूल. −१ अंशाला पाण्याने गोठावं यासाठीची ढकल एवढीच. −१० ला ती १२ ज्यूल. ढकल आहे, पण हलकी आहे. शून्याच्या जवळ ती इतकी हलकी असते की तिच्या वाटेत आलेली कोणतीही अडचण मोठीच ठरते.

आणि अडचण येते. बर्फ आभाळातून पडल्यासारखा पाण्यात एकदम सगळीकडे होत नाही. कुठेतरी काही रेणूंनी आधी बर्फासारखं रचलं जावं लागतं. त्या चिमुकल्या गोळीला आपण बीज म्हणू. बीज तयार झालं की त्याच्याभोवती एक सीमा तयार होते. आत बर्फ, बाहेर पाणी, मधे एक पातळ थर. या थरातले रेणू सर्वांत वाईट स्थितीत असतात. बर्फाला टेकून असल्यामुळे त्यांचा मोकळेपणा बराचसा गेलेला असतो, पण स्फटिकात असलेल्यांना मिळणारे सगळे पक्के बंध त्यांना मिळालेले नसतात. दोन्हीकडचा तोटा. म्हणून सीमेच्या प्रत्येक चौरस मीटरमागे काही ऊर्जा खर्ची पडते. पाणी आणि बर्फ यांच्या सीमेसाठी, शून्य अंशाजवळ, हा खर्च सुमारे ०.०३ ज्यूल प्रति चौरस मीटर आहे. आकडा किरकोळ दिसतो. पण बीज इतकं लहान असतं की त्याचं जवळपास सगळं अंग म्हणजे सीमाच असते.

आता दोन्ही बाजू एका ओळीत मांडता येतात. बीज r त्रिज्येचा गोल आहे असं धरू:

```
ΔG(r) = 4π r² γ − (4/3)π r³ Δg
```

पहिलं पद पृष्ठभागाचा खर्च. γ म्हणजे वर सांगितलेला सीमेचा दर. दुसरं पद आकारमानाचा फायदा. Δg म्हणजे एक घनमीटर पाणी गोठल्यावर होणारा मुक्त ऊर्जेचा लाभ, ग्रॅममागचे १.२ ज्यूल घनमीटरवर नेले की तो दर अंशामागे सुमारे ११ लाख ज्यूल होतो. सगळी गोष्ट r² आणि r³ यांच्या शर्यतीत आहे. r लहान असताना वर्ग घनाला मागे टाकतो, म्हणून खर्च फायद्यापेक्षा जास्त. r वाढत गेला की घन कधीतरी वर्गाला गाठतो आणि पुढे निघून जातो. हे किती मोठं झाल्यावर होतं, एवढाच प्रश्न.

−१० अंशांवरचं पाणी घेऊन प्रत्यक्ष आकडे घालू. ऊर्जा मोजायला सोयीचं माप kT आहे. रेणूंच्या नेहमीच्या उष्ण धडपडीत एखाद्याच्या वाट्याला साधारण येणारी ऊर्जा ती. ज्या गोष्टीला दोन-चार kT लागतात ती सहज घडते, पन्नास लागतात ती दुर्मीळ, आणि पाचशे लागतात ती घडतच नाही.

बीजाची त्रिज्या १ नॅनोमीटर असेल तर पृष्ठभागाचा खर्च सुमारे १०४ kT येतो आणि आकारमानाचा फायदा फक्त १३. निव्वळ तोटा ९१. अशा बीजाला वाढून उपयोग नाही, कारण २ नॅनोमीटरला तोटा ३१२ वर जातो. त्याला विरघळून जाणंच परवडतं आणि ते तसंच करतं. तोटा वाढत वाढत ५.४ नॅनोमीटरला शिखर गाठतो, जवळपास १,००० kT. इथून पुढे एकेक रेणू जोडला की तोटा कमी होऊ लागतो. ८ नॅनोमीटरला खर्च आणि फायदा बरोबरीत येतात, आणि १० नॅनोमीटरला अडीच हजार kT निव्वळ नफा. शिखराच्या त्रिज्येला क्रांतिक त्रिज्या म्हणतात. तिच्याहून लहान बीज विरघळतं, मोठं बीज वाढतं.

वाईहून पोलादपूरला जाणाऱ्याला ही चढण ओळखीची वाटेल. पोलादपूर वाईपेक्षा कितीतरी खाली आहे, तरी आधी पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर गाठावं लागतं, मग आंबेनळी घाटाने उतरणं. कोकण खाली आहे एवढ्यावर गाडी आपोआप तिकडे घरंगळत नाही. −१० अंशांचं पाणी वाईत उभं आहे. फरक एवढाच की पाण्याच्या बाबतीत तापमान उतरवलं की घाटमाथाच खचत जातो.

तो कसा खचतो ते सूत्रातून थेट निघतं. r* म्हणजे क्रांतिक त्रिज्या आणि ΔG* म्हणजे शिखराची उंची, तोच पाण्यापुढचा अडथळा:

```
r*  = 2γ / Δg
ΔG* = 16π γ³ / (3 Δg²)
```

Δg हा अतिशीतनाच्या अंशांच्या प्रमाणात वाढतो. म्हणून शून्याखाली दुप्पट गेलो की क्रांतिक त्रिज्या निम्मी होते आणि अडथळा साधारण चौथा हिस्सा राहतो. −१ अंशाला क्रांतिक बीजाची त्रिज्या ५४ नॅनोमीटर असते, त्यात जवळपास दोन कोटी रेणू लागतात. −१० ला ५.४ नॅनोमीटर आणि सुमारे २०,००० रेणू. −२० ला २.७ नॅनोमीटर आणि अडीच हजार रेणू. −३८ ला १.४ नॅनोमीटर, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. दोन कोटी रेणूंनी योगायोगाने एकाच वेळी स्फटिकाच्या जाळीत बसणं आणि साडेतीनशे रेणूंनी बसणं, यांत किती अंतर आहे ते सांगायला नको.

बीजं आणतं कोण? कोणीच नाही. पाण्यात रेणूंचे पुंजके सारखे बनतात आणि मोडतात. त्यातला एखादा बर्फासारखा असतो, काही क्षणांत विरतो. उष्णतेच्या या खळबळीतून एखादा पुंजका घाटमाथ्यापर्यंत चढण्याची शक्यता `e^(−ΔG*/kT)` एवढी असते. हीच पाण्याची एकमेव वाट. −१० ला अडथळा १,००० kT आहे, म्हणजे शक्यता १० च्या उणे ४३० व्या घाताच्या जवळची. याला प्रयत्नांच्या संख्येने गुणायचं. रेणू अगणित आहेत आणि प्रत्येक जण सेकंदाला लाखो कोटी वेळा थरथरतो, त्यामुळे एका घनमीटर पाण्यात सेकंदाला १० च्या ४१ व्या घाताइतके प्रयत्न होतात असं ढोबळपणे धरतात. लिटरभर पाण्यात १० चा ३८ वा घात. विश्वाचं वय सेकंदांत धरलं तर १० चा १७ वा घात आणि थोडं वर. दोन्ही गुणून १० चा ५६ वा घातही गाठला जात नाही, आणि समोर ४३० आहे. म्हणजे −१० अंशांचं निखळ स्वच्छ पाणी आपण होऊन गोठायला विश्वाचं आयुष्यही पुरणार नाही. अशा स्थितीला अर्धस्थिर म्हणतात. खाली उतरणं फायद्याचं असूनही वाट मिळत नाही.

मग −३८ च्या आसपासच काय घडतं? ढगातला एक थेंब घेऊ, २० मायक्रोमीटर व्यासाचा. अशा थेंबात सेकंदाला सुमारे ७ गुणिले १० चा २६ वा घात इतके प्रयत्न होतात. घातांकाच्या भाषेत हे e चा ६२ वा घात. म्हणजे अडथळा ६२ kT वर आला की सेकंदाला साधारण एकदा यश येणार. γ ला थंड पाण्यासाठी ०.०३ ऐवजी थोडा कमी, ०.०२८ धरला, तर −३८ अंशांवर अडथळा नेमका ६२-६३ kT येतो. थेंब दोनेक सेकंदांत गोठतो.

आता तोच थेंब तीनच अंश गरम ठेवू. −३५ ला अडथळा ७३ kT होतो आणि थेंब गोठायला १८ तासांच्या आसपास लागतात. −३३ ला ८१ kT, आणि वाट पाहायची नऊ वर्षं. −३० ला ९७ kT, आणि सहा-सात कोटी वर्षं. या सबंध विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला हीच वाटते. आठ अंशांच्या फरकात दोन सेकंदांचे कोट्यवधी वर्षं होतात. म्हणूनच प्रयोगशाळेत थंड करत गेलेले थेंब एका अरुंद पट्ट्यात धडाधड गोठतात आणि −३८ हा जणू ठाम बिंदू वाटतो. तो खरा बिंदू नाही. थेंब मोठा असेल तर प्रयत्न जास्त होतात आणि तो एखाद-दुसऱ्या अंशाने आधी गोठतो. लिटरभर निर्मळ पाण्याला याच हिशोबाने −३० च्या आसपासच थांबावं लागेल. पण घातांक इतका तिखट आहे की आकारमान अब्जावधी पटींनी वाढवूनही तापमान सात-आठ अंशांनीच सरकतं.

या हिशोबावर किती विसंबायचं, हेही सांगायला हवं. अडथळ्यात γ चा घन आहे. तो ०.०२८ ऐवजी ०.०३ घेतला, म्हणजे सातच टक्के जास्त, तर −३८ ला अडथळा ६३ वरून ७७ kT होतो आणि दोन सेकंदांऐवजी दीडेक महिना लागतो. आणि खोल अतिशीत पाण्यात γ थेट मोजायची सोय नाही. पाणी गोठण्याचा वेग मोजून त्यावरून बहुतेकदा तो उलट काढला जातो. म्हणजे सूत्रातून आलेला आकडा प्रयोगाशी जुळला यात नवल थोडंच, कारण γ तसाच बसवलेला असतो. शिवाय साडेतीनशे रेणूंच्या पुंजक्याला गोल समजणं, त्याला ठळक पृष्ठभाग आहे असं मानणं, आणि मोठ्या बर्फासाठीचे आकडे त्याला लावणं, ही सगळी सोय आहे. Δg सुद्धा खोलवर गेल्यावर अंशांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, थोडा मागे पडतो. कारण अतिशीत पाण्याची उष्माधारकता बर्फाच्या दुपटीहून जास्त असते आणि गोठताना मिळणारी उष्णता खाली घटत जाते. म्हणून वरच्या वर्षांचे आकडे तंतोतंत मानू नयेत. शर्यत r² आणि r³ ची आहे आणि वेग तापमानाला असा भयंकर तिखटपणे जुळलेला आहे, हा गाभा मात्र पक्का आहे. या चौकटीचा पाया जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात घातला आणि फोल्मर व वेबर यांनी १९२६ मध्ये तिला वेगाच्या गणितात बसवलं.

जाता जाता, उलट बाजूला असा अडथळा का नाही? बर्फ शून्याच्या वर नेऊन घन का ठेवता येत नाही? कारण वितळण्यासाठी बीज शोधावं लागत नाही. बर्फाच्या उघड्या पृष्ठभागावरचे रेणू आधीच सैल असतात. वितळणबिंदूच्या जरा खालीच तिथे द्रवासारखा पातळ थर तयार असतो. नवी सीमा उभी करण्याचा खर्चच नाही, मग अडथळा कुठून येणार.

आता घरातल्या बर्फाकडे येऊ. ट्रेमधलं पाणी −३० ची वाट पाहत नाही, −५ ते −१० च्या दरम्यान कुठेतरी गोठतंच. कारण ट्रेमधलं पाणी या अर्थाने शुद्ध नसतं. इथे शुद्ध म्हणजे क्षार नसलेलं असं नव्हे. विरघळलेल्या मिठाने तर गोठणं आणखी खाली ढकललं जातं. प्रश्न न विरघळलेल्या कणांचा आहे: धूळ, मातीचे खनिज कण, परागांचे तुकडे, जिवाणू, भांड्यावरचे ओरखडे. अशा कणाच्या पृष्ठभागावर बर्फ बसला की त्याला पूर्ण गोल उभारावा लागत नाही. गोलाची एक चकती पुरते. बाकीचं अंग कणाने झाकलेलं असतं, आणि कण-बर्फ सीमा स्वस्त असेल तर खर्च कोसळतो.

किती कोसळतो ते बर्फ त्या पृष्ठभागावर कोणत्या कोनात बसतो यावर ठरतं. कोन ९० अंश असेल तर अडथळा निम्मा. ६० अंश असेल तर साडेपंधरा टक्के. ३० अंश असेल तर फक्त १.३ टक्के. आपल्या −१० अंशांच्या पाण्यातले १,००० kT घ्या आणि हे शेवटचं प्रमाण लावा: १३ kT उरतात. विश्वाच्या आयुष्यात न घडणारी गोष्ट क्षणात घडते. वक्रतेची क्रांतिक त्रिज्या मात्र तीच राहते, ५.४ नॅनोमीटर. म्हणून कणही त्याहून बऱ्यापैकी मोठा लागतो. अगदी बारीक कणावर पुरेशी मोठी चकती बसत नाही.

कोणता कण चांगला? ज्याच्या पृष्ठभागावरची रचना बर्फाच्या जाळीशी मिळतीजुळती असते तो बरेचदा उपयोगी पडतो. १९४६ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड व्हॉनेगट यांनी स्फटिकांच्या मापांच्या याद्या चाळून असाच पदार्थ शोधला, सिल्व्हर आयोडाइड. त्याच्या जाळीचं अंतर बर्फाच्या अंतरापासून एक-दीड टक्क्याने वेगळं आहे आणि तो −५ च्या आसपासपासून पाणी गोठवू लागतो. थंड ढगांत कृत्रिम पाऊस पाडायच्या प्रयोगांत आजही तोच फवारला जातो. खनिजांमध्ये पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार बलवान ठरला आहे. आणि सगळ्यांवर कडी करणारा आहे एक जिवाणू, स्यूडोमोनास सिरिंगी. त्याच्या अंगावरचं प्रथिन −२ अंशांनाच पाणी गोठवतं. पिकाच्या पानावर बर्फ धरून पान फाडायचं आणि आतला रस मिळवायचा, यासाठी ते त्याला कामी येतं असं मानतात.

यावरून एक साधी युक्तीही सुचते. मिलिलिटरभर पाण्यात हजार कण असतील तर ते पाणी कणांच्या मर्जीने लवकर गोठणारच. पण तेच पाणी तेलात घुसळून त्याचे कोट्यवधी सूक्ष्म थेंब केले, तर हजार थेंबांत एकेक कण जाईल आणि उरलेले सगळे थेंब कणमुक्त राहतील. पाणी शुद्ध न करताच बहुतेक थेंब शुद्ध होतात. −३८ पर्यंत पोचणारे प्रयोग बरेचसे असेच केले जातात.

घरी बघायचं असेल तर बाटलीबंद पाण्याची न उघडलेली अर्ध्या लिटरची बाटली फ्रीझरमध्ये आडवी ठेवा, धक्का न लागेल अशी. शेजारी नळाच्या पाण्याची तेवढीच बाटली ठेवा. दोन-अडीच तासांनी, नळाचं पाणी गोठू लागलेलं आणि बंद बाटलीतलं अजून पारदर्शक असेल, तर ते बहुधा शून्याखाली आहे. बाटली हळूच बाहेर काढून टेबलावर आपटा, किंवा पाणी सावकाश बर्फाच्या तुकड्यावर ओता. तुकड्याला लागताच पाणी गोठत त्यावर ढीग रचतं, कारण तयार बर्फ समोर असताना बीज उभारायचंच नसतं, घाट चढून झालेला असतो. फसलं तर कारण दोनांपैकी एक. पाणी अजून शून्यावरच आहे, मग आपटूनही काही होत नाही. किंवा ते आतच गोठून गेलंय, मग बाटलीच्या भिंतीला लागून कडक कवच दिसतं.

जमलं तर नीट बघा: अख्खी बाटली दगडासारखी कधीच होत नाही. सुयांसारखे बर्फाचे काटे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धावतात आणि मागे उरतो पातळ बर्फाळ लगदा. पाणी −८ अंशांवर होतं असं समजू. गोठणारा बर्फ ग्रॅममागे ३३४ ज्यूल सोडतो, आणि पाणी एक अंश तापायला ग्रॅमला ४.२ ज्यूल पुरतात. आठ अंशांसाठी ३४ ज्यूल. म्हणजे जेमतेम दहा टक्के पाणी गोठलं की उरलेलं सगळं शून्यावर येऊन ठेपतं आणि गोठणं थांबतं. अर्ध्या लिटरमध्ये पन्नास ग्रॅम बर्फ. आत तापमापक असेल तर पारा एका झटक्यात −८ वरून शून्यावर चढतो. आधी अतिशीतन झालं होतं की नाही याची यापेक्षा पक्की खूण नाही. अख्खं पाणी एका दमात गोठायचं तर ते आधी −८० पर्यंत न्यावं लागेल, आणि ते तर −३८ च्या पुढे द्रव राहायलाच तयार नाही. त्यामुळे अतिशीत पाणी नेहमी दोन टप्प्यांत गोठतं. पहिला टप्पा क्षणाचा. दुसरा, उरलेली उष्णता बाहेर जाईल तितका सावकाश.

हे दोन टप्पे आपल्याकडे दर उन्हाळ्याच्या तोंडावर आकाशात घडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. अशा उंच ढगात शून्य अंशाच्या रेषेच्या वर कित्येक किलोमीटर पाण्याचे थेंब द्रवच असतात. ढगाच्या एक लिटर हवेत लाखभर थेंब असू शकतात, आणि −२० अंशांवर बर्फ धरू शकणारा कण मात्र लिटरमागे एखादा सापडतो. बाकीचे थेंब बीजाविना अडकून पडलेले. त्यांच्यामधून एखादी गोठलेली गोळी वर फेकली गेली की प्रत्येक थेंबाला आयता पृष्ठभाग मिळतो, आणि लागलेला थेंब तिच्यावरच गोठतो. गार अशी थेंब गोळा करत वाढते. थंड भागात, थेंब थोडे थोडे लागत असतील, तर प्रत्येकाची उष्णता लगेच निघून जाते, हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि पांढरा थर बसतो. थेंब भराभर आदळत असतील तर सुटलेली उष्णता निघायला वाव राहत नाही, गारेचं अंग शून्यावर ओलं राहतं, पाणी पसरून सावकाश गोठतं, बुडबुडे निसटतात आणि थर काचेसारखा होतो. मोठी गार मधोमध कापली तर पांढऱ्या आणि पारदर्शक अशा थरांच्या कड्या दिसतात. कोणत्या थराच्या वेळी गार किती दाट अतिशीत पाण्यातून गेली होती, ते त्यावरून वाचता येतं.